दाढीनंतर मानेवर पुन्हा पुन्हा पुळ्या: उलटा हात बंद करूनही का थांबत नाहीत?

दाढी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबड्याखाली आणि मानेवर लाल, कडक पुळ्या उठतात. काही खाजतात, काहींच्या टोकाला पू धरतो. बसल्या तरी मागे काळे डाग राहतात. पुढची दाढी त्याच डागांवरून होते आणि नव्या पुळ्या येतात. दाढीचे केस राठ आणि कुरळे असणाऱ्यांना हा त्रास वर्षानुवर्षं चालतो, म्हणून त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाशिकला पंचवटीत माझं सलून आहे. वस्तरा धरायला वडिलांनी शिकवलं, आणि कातडीच्या आत काय घडतं ते गंगापूर रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. अशा तक्रारीचे त्यांचे पेशंट दाढीचं वळण समजून घ्यायला माझ्याकडे येतात.

उलटी दाढी करू नका, म्हणजे केस वाढतो त्याच्या विरुद्ध दिशेने हात मारू नका, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. तरीही तो पाळणाऱ्यांपैकी बरेच जण महिन्याभराने तसेच सुजलेली मान घेऊन परत येतात. मला त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे मानेवर सुलट बाजू कुठली, हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. दुसरी म्हणजे दाढी थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात पुळ्या कमी होण्याऐवजी वाढतात, आणि तिथेच धीर सुटतो.

कातडीच्या आत काय होतं

सरळ केस कातडीतून निघतो आणि सरळ वाढत जातो. कुरळ्या केसाचं मूळच कातडीत वाकडं बसलेलं असतं, त्यामुळे बाहेर आल्या आल्या तो पुन्हा कातडीकडे वळतो. ब्लेडने तिरका कापलेला राठ केस कोयत्याने तोडलेल्या उसाच्या खुंटासारखा टोकदार होतो. ते टोक एक-दोन मिलिमीटरवर परत कातडीत घुसतं. शरीर त्याला बाहेरून आलेला काटा समजतं आणि तिथे सूज आणतं. त्यामुळे ही पुळी सुरुवातीला जंतूंची नसते. पू दिसला तरी तो बऱ्याचदा शरीराच्या या प्रतिकाराचाच असतो. जंतू शिरलेच तर ते नंतर शिरतात.

दुसरा प्रकार दिसत नाही आणि जास्त त्रास देतो. कातडी ताणून, उलट्या दिशेने, दाबून दाढी केली की केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्येही हेच होतं. पहिलं पातं केस थोडा ओढून धरतं, मागचं कापतं, आणि उरलेला तुकडा आत सरकतो. आता त्या टोकदार तुकड्याला वाढायचं तर बाहेर यायला हवं, पण तो वाकडा असल्यामुळे वर पोचायच्या आधीच, कातडीतल्या ज्या नळीतून तो उगवतो तिची भिंत भेदून बाजूच्या मांसात शिरतो. म्हणून हात फिरवल्यावर मान जितकी गुळगुळीत लागते, तितका तिसऱ्या दिवशीचा त्रास जास्त. गिऱ्हाईक गालावर हात फिरवून “एकदम मख्खन” म्हणतं तेव्हा मला बरं वाटायचं. राठ कुरळ्या केसांच्या माणसाला मी आता तशी दाढी करून देत नाही.

ही तीच तक्रार आहे का?

उजेडात, आरशाजवळ जाऊन, शक्य असल्यास भिंगातून बघा. आत वळलेल्या केसाच्या पुळीत किंवा तिच्या शेजारी केसाची काळी रेघ किंवा छोटी कमान बऱ्याचदा दिसते. पुळ्या जास्त करून जबड्याच्या कडेला आणि मानेवर असतात. ओठावर, मिशीच्या जागेत, त्या क्वचितच येतात. सगळ्यात मोठी खूण म्हणजे तीन-चार आठवडे दाढी वाढवली की त्या कमी होतात.

केसतोड वेगळा. तो केसाच्या मुळाशी जंतूंमुळे होतो, दुखतो, गरम लागतो, मोठा होत जातो, आणि दाढी वाढवून बसत नाही. गजकर्ण दाढीतही होऊ शकतं. त्यात कडेला गोल, खवले सुटणारा चट्टा दिसतो, आणि काही वेळा केस हलक्या हाताने ओढला तरी निघून येतो. या दोन्हींवर दाढीची पद्धत बदलून उपयोग नाही, डॉक्टरांचं औषध लागतं. मानेच्या मागच्या बाजूला, मशीन अगदी बारीक मारतात त्या रेषेवर कडक गाठी येत असतील तर तो आणखी निराळा आजार आहे. तोही लवकर दाखवावा, कारण तिथे पुढे व्रण जाड होत जातात.

मुंबई-आग्रा रोडवरचा मुलगा

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी एक चोवीस वर्षांचा मुलगा पाठवला. महामार्गावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होता, रोज गुळगुळीत चेहरा हवा असा तिथला दंडक. सकाळी सहाला थंड पाण्याने, तीन पात्यांचा रेझर, नंतर स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह. तो म्हणाला, “काका, उलटा हात तर मी कधीच सोडला. वरून खाली एकदाच मारतो. तरी डावी बाजू बघा.”

डावी बाजू खरंच वाईट होती. जबड्याच्या हाडाखालपासून कंठापर्यंत पुळ्यांचा पट्टा होता, मध्ये जुने काळे डाग. उजवीकडे मात्र चार-पाचच. दोन्ही बाजूंना एकच रेझर, एकच पाणी, एकच हात, मग हा फरक कशाने?

त्याला तीन दिवस दाढी करू नकोस म्हटलं. चौथ्या दिवशी खुंट एवढे आले होते की बोट फिरवून दिशा कळत होती. ज्या बाजूला बोट विनाअडथळा सरकतं ती सुलट, आणि जिकडे खरखर लागते ती उलट. पाच-सहा ठिकाणी वर, खाली, कानाकडे आणि कंठाकडे बोट फिरवून मी त्याच्या मानेचा नकाशा कागदावर काढला. गालावर केस खाली जात होते. उजव्या मानेवरही खालीच. डाव्या मानेवर मात्र ते कंठापासून वर आणि मागे, कानाकडे जात होते, आणि जबड्याखाली एका ठिकाणी भोवरा होता. म्हणजे वरून खाली मारलेला त्याचा ‘सुलटा’ हात डाव्या मानेवर रोज उलटाच पडत होता.

हे काही विरळ नाही. मानेवरचे केस वरच्या दिशेने किंवा आडवे वाढलेले मी खूप जणांत बघतो, आणि दोन बाजू सहसा सारख्या नसतात. तेव्हा कुणी कितीही खात्रीने “वरून खाली” सांगितलं, तरी आपल्या मानेवर बोट फिरवून बघितल्याशिवाय ते मानू नका. मोबाइलमध्ये मानेचा फोटो काढून त्यावर बाण काढून ठेवा. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, सकाळच्या घाईत तो फोटो कामाला येतो.

पण नकाशा कळला म्हणून लगेच नव्या पद्धतीने दाढी सुरू करायची नव्हती. जे केस आधीच आत घुसलेत ते आतच होते, आणि त्यांच्यावरून कुठल्याही दिशेने ब्लेड नेलं तरी पुळीचं डोकं कापलं जाणार. डॉक्टरांनी त्याला चार आठवडे ब्लेड पूर्ण बंद सांगितलं आणि हॉटेलला द्यायला चिठ्ठी दिली. केस फार वाढले तर ट्रिमर चालेल, पण पाच मिलिमीटरच्या खाली नाही. केस त्याहून आखूड ठेवला तर आत अडकलेलं टोक सुटायला त्याला लांबी मिळत नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. सातव्या-आठव्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा पुळ्या वाढलेल्या होत्या, खाज इतकी की रात्री झोप नाही, आणि हातात नवा रेझर. हाच तो टप्पा, जिथे बहुतेक जण परततात. कारण साधं आहे. महिन्याला केस साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पहिल्या आठवड्यात तो फक्त दोन-अडीच मिलिमीटर होतो, म्हणजे वळून कातडीत घुसायला पुरेसा आणि सुटायला अपुरा. जे खुंट अजून बाहेर होते तेही या दिवसांत आत जातात. पुढे केस लांबला की त्याची कमान मोठी होते आणि तिच्याच ताणाने टोक बाहेर ओढलं जातं. एक सेंटिमीटरच्या आसपास बहुतेक केस आपोआप सुटलेले असतात. मी त्याला हे बोटाने हवेत काढून दाखवलं आणि रेझर माझ्याकडेच ठेवून घेतला.

खाजेसाठी डॉक्टरांनी सौम्य हायड्रोकॉर्टिझोन मलम दिलं, तेही थोड्याच दिवसांसाठी. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेला पंचा पाच-दहा मिनिटं मानेवर ठेवायचा, आणि मग मऊ ब्रशने गोल-गोल, दाब न देता फिरवायचं. लहान मुलांचा दात घासायचा नवा ब्रश यासाठी छान. याने वरची मृत कातडी निघते आणि वरवर अडकलेली टोकं मोकळी होतात. जिथे केसाची कमान स्पष्ट दिसत होती तिथे डॉक्टरांनी निर्जंतुक सुईने ती खालून फक्त उचलून टोक मोकळं केलं. केस उपटला नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. चिमट्याने केस ओढून काढला की आज बरं वाटतं, पण त्या मुळातून नवा केस येतो आणि तो वर पोचण्याआधीच नळीची भिंत फोडतो. जी कमान डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी घरी सुई खुपसू नये.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली. चौथ्याच्या शेवटी पट्ट्यातल्या दोन-तीन गाठी सोडल्या तर हाताला काही लागत नव्हतं. डाग तसेच होते. आपल्या सावळ्या कातडीत ते महिनोन् महिने राहतात. पुळ्या थांबल्या तर ते हळूहळू फिकटतात, पण उन्हात उघडे राहिले तर रेंगाळतात.

त्रास याहून जास्त, अनेक वर्षांचा आणि गाठी जाड झालेला असेल, तर चार आठवडे पुरत नाहीत, दोन-तीन महिनेही लागतात. नवी सूज थांबल्याशिवाय ब्लेड उचलू नये, एवढीच कसोटी धरा.

परत दाढी सुरू करताना

सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे ब्लेड लावूच नये, ट्रिमरने अर्धा ते एक मिलिमीटर खुंट ठेवावा. बहुतेक ट्रिमर कंगवा काढून वापरले की साधारण एवढंच ठेवतात. ट्रिमर कातडीवर दाबू नका आणि कातडी ताणू नका, नाहीतर तोही केस फार खालून कापतो. त्या मुलाने हॉटेलात हेच विचारलं. कडा नीट आखलेला एक मिलिमीटर खुंट दोन हातांवरून बघणाऱ्याला स्वच्छ दाढीसारखाच वाटतो, आणि मॅनेजरांनी चिठ्ठी बघून होकार दिला. आठवड्यातले बहुतेक दिवस तो आता ट्रिमरच वापरतो.

ज्यांना ब्लेडच हवं, त्यांनी एका पात्याचा साधा सेफ्टी रेझर घ्यावा. आमचा अर्ध्या ब्लेडचा वस्तराही एकाच पात्याचा, पण तो ज्याच्या हातात आहे त्याला तुमचा नकाशा माहीत हवा आणि ब्लेड तुमच्यासमोर नवं लावलेलं हवं. राठ केसांवर ब्लेड लवकर बोथटतं. केस ओढल्यासारखा वाटला की ते ब्लेड संपलं, मग ते कितीही नवं असो.

आता पाणी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, आणि सहा वाजता टाकीच्या थंड पाण्याने भिजवलेला राठ केस तारेइतका कडक राहतो. तो कापायला दाब द्यावा लागतो, आणि दाब दिला की कातडीही खाली जाते. साधा बदल सांगतो: दाढी आंघोळीच्या आधी नाही, आंघोळीनंतर करा. गरम पाण्याने मान भिजलेली असते. नंतर क्रीम किंवा जेल लावून दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. हीच मिनिटं सगळे वाचवतात, आणि केस मऊ होतो तो याच मिनिटांत.

मग नकाशाप्रमाणे, केस जातो त्या दिशेने, छोटे हात मारा. कातडी मोकळी ठेवा; दुसऱ्या हाताने ताणायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आमच्यासारख्या वस्तरा धरणाऱ्यांना तर फारच. प्रत्येक हातानंतर ब्लेड धुवा. एका जागेवरून दोनपेक्षा जास्त वेळा जाऊ नका, आणि दुसऱ्यांदाही दिशा तीच. भोवऱ्याच्या जागी सुलट अशी एक बाजू नसतेच, तिथे ब्लेड न लावता ट्रिमरच चालवा. दाढी झाली की मानेवर बोट फिरवून बघा. खरखर लागली पाहिजे. ती लागली नाही तर केस फार खालून कापला गेलाय.

शेवटी थंड पाणी आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. तुरटीने बारीक कापलेलं रक्त थांबतं, तेवढ्यापुरती ती ठीक. आत वळणारा केस तिने थांबत नाही, आणि सुजलेल्या मानेवर ती घासली की आग होते. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह मी अशांना लावतच नाही.

औषधांबद्दल, आणि एक मलम टाळण्याबद्दल

पद्धत सुधारली की मग औषध मदत करतं, आधी नाही. रात्री लावायची ॲडापलीन ०.१ टक्का जेल आणि ग्लायकोलिक ॲसिडचं लोशन ही दोन डॉक्टर जास्त वापरताना मी बघतो. दोन्ही वरची कातडी साचू देत नाहीत, त्यामुळे केसाला बाहेर यायची वाट मोकळी राहते. एकदम रोज लावली तर मान लाल होऊन सोलते, म्हणून सुरुवात एक दिवसाआड, आणि दाढी केली त्या रात्री नाही. पू धरत असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा लावायचं अँटिबायोटिक देतात. पेरॉक्साइड लागलेला टॉवेल आणि शर्टाची कॉलर पांढरी पडते, हे आधी माहीत असलेलं बरं.

टाळायचं मलम म्हणजे कुणीतरी सुचवलेलं, खाज-बुरशी-जंतू सगळ्यांवर एकच असं मिश्रण. त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून माणूस महिनोन् महिने लावत राहतो. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते दबून पसरत जातं. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. मलमाच्या नळीवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिलेलं दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मानेवर लावू नका.

जिथे दाढी टाळता येत नाही

लग्न ठरलेले मुलगे आदल्या दिवशी ‘एकदम क्लीन’ मागतात. त्यांना मी सांगतो की आदल्या संध्याकाळी, गरम पाण्याने, नकाशाप्रमाणे एकच हात मारू. त्या रात्री आणि लग्नाच्या दिवशी काही उठणार नाही. उठलंच तर तिसऱ्या दिवशी. पण मान आधीच सुजलेली असेल तर लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी या.

दुसरा प्रसंग दुःखाचा. रामकुंडावर दहाव्याला क्षौर होतं तेव्हा गर्दी असते, नुसतं पाणी लावून वस्तरा फिरतो आणि बोलायची कुणाची मनःस्थिती नसते. तुम्हाला हा त्रास असेल तर बसण्याआधी कारागिराला एवढंच सांगा: “दादा, मानेवर मशीन फिरवा, वस्तरा नको.” गर्दीतही तो ऐकतो. वस्तराच घ्यायचा असेल तर ताणू नका आणि एकच हात मारा, असं सांगा. नंतर दोन आठवडे त्या जागी ब्लेड लावू नका.

हे सगळं नीट पाळूनही काहींच्या पुळ्या थांबत नाहीत, कारण त्यांच्या केसाचं वळणच तितकं घट्ट असतं. त्यांच्यासाठी लेझर उरतं. सावळ्या कातडीसाठी एनडी-याग, म्हणजे १०६४ नॅनोमीटरचं यंत्र, जास्त सुरक्षित मानतात, कारण त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या रंगाला कमी भाजतो. महिना-दीड महिन्याच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. केस विरळ आणि बारीक होतात, म्हणून पुढे कधी भरघोस दाढी राखायची इच्छा असेल तर डॉक्टरांना फक्त मानेपुरतं करायला सांगा. आणि क्लिनिकमध्ये यंत्र कुठलं आहे, ते तरंगलांबीसकट विचारूनच पैसे भरा.